मुलांची ट्यूशन फी आणि ८०सी : पावती कुणाची, पैसे कुणाचे, वर्ष कोणते?

(प्रकरण अभ्यास. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चे.)

पार्श्वभूमी

नाशिकमधले नोकरदार जोडपे. पतीचा वार्षिक पगार १६,२०,००० रुपये, पत्नीचा ९,८०,०००. मोठी मुलगी सातवीत, धाकटा मुलगा ज्युनिअर केजीत. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि गृहकर्जही दोघांचे. वर्षाला सुमारे ३,००,००० रुपये व्याज आणि ९६,००० रुपये मुद्दल जाते. दोन्ही रकमा दोघांत निम्म्या-निम्म्या.

पतीने नवी करपद्धती घेतली होती आणि त्याच्यापुरते गणित बरोबर होते. जुन्या पद्धतीत आयकराच्या कलम ८०सीखाली ठरावीक बचती-खर्चांचे पूर्ण दीड लाख आणि व्याजाचे दीड लाख वजा करूनही त्याचा कर सुमारे २,००,००० रुपये येत होता, नव्या पद्धतीत या वजावटी नसतानाही १,५९,६४०. पती-पत्नीला वेगवेगळी पद्धत निवडता येते, त्यामुळे त्याच्या निवडीने पत्नीचे हात बांधले गेले नव्हते.

पत्नीचे गणित काठावरचे होते. जुन्या पद्धतीत तिला ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, १,५०,००० गृहकर्जाचे व्याज आणि २५,००० आरोग्य विम्याचा हप्ता मिळत होता. ८०सीमध्ये पीएफचे ४२,००० आणि कर्जाच्या मुद्दलाचे ४८,००० असे ९०,००० झाले होते. एवढ्यावर थांबले तर करपात्र उत्पन्न ६,६२,५०० आणि सेससह कर ४६,८००. नव्या पद्धतीत तोच कर ४२,१२०. म्हणजे फी न धरता नवी पद्धत स्वस्त.

८०सीच्या दीड लाखात तिच्याकडे ६०,००० ची जागा शिल्लक होती. ती मुलांच्या ट्यूशन फीने भरली तर जुन्या पद्धतीतला कर ३४,३२० वर येत होता, नव्यापेक्षा ७,८०० ने कमी. थोडक्यात, तिने कोणती पद्धत घ्यायची हे फीच ठरवत होती. एप्रिल २०२४ मध्ये तिने ऑफिसला जुनी पद्धत कळवली आणि वजावटींचा तपशील देण्याच्या फॉर्म १२बीबीमध्ये ट्यूशन फीपुढे ६०,००० लिहिले. आकडा अंदाजाचा होता. तेव्हा पावत्या हातात नव्हत्या आणि कुठली फी कोण भरणार हेही ठरले नव्हते.

कायदा नेमके काय देतो

कलम ८०सी खाली ट्यूशन फीला वजावट मिळण्याच्या अटी थोड्या आहेत, पण काटेकोर आहेत. फी भारतातल्या शाळेला, कॉलेजला, विद्यापीठाला किंवा शिक्षणसंस्थेला भरलेली हवी. शिक्षण पूर्णवेळ हवे. करदात्याच्या जास्तीत जास्त दोन मुलांची फी धरता येते. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शिक्षणाची फी यात बसत नाही. डेव्हलपमेंट फी, देणगी आणि तशाच स्वरूपाच्या रकमा कायद्याने थेट वगळल्या आहेत.

प्ले स्कूल आणि नर्सरी पूर्णवेळ शिक्षणात येतात, हे प्रत्यक्ष कर मंडळाने पगारावरच्या करकपातीच्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. त्यामुळे केजीतल्या मुलाची फी चालते. संध्याकाळच्या खासगी क्लासची चालत नाही. तिथे मूल पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून दाखल नसते.

या प्रकरणात ज्यावर सगळे अडले त्या दोन गोष्टी मात्र पालकांच्या लक्षात सहसा येत नाहीत. पहिली, वजावट पैसे भरणाऱ्याला मिळते. आई-वडील दोघेही दावा करू शकतात, पण ज्याने जेवढे भरले तेवढ्याचाच, आणि एकच रुपया दोघांना दाखवता येत नाही. दुसरी, कायदा शैक्षणिक वर्ष पाहत नाही. पैसे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात भरले का, एवढेच पाहतो.

अडचण

जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसने पुरावे मागितले. पत्नीने घरातल्या सगळ्या पावत्या एकत्र करून जमा केल्या. २४ जानेवारीला पेरोलकडून ट्यूशन फीचा पूर्ण दावा नाकारल्याचा निरोप आला. कारणे तीन होती आणि तिन्ही खरी होती.

मुलीच्या शाळेची २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाची फी तीन हप्त्यांत होती आणि प्रत्येक हप्त्यात ट्यूशन फी २२,००० होती. पहिला हप्ता २९ मार्च २०२४ रोजी गेला होता. शाळेच्या दृष्टीने ते २०२४-२५ चे पैसे, आयकराच्या दृष्टीने २०२३-२४ चे. शाळा एप्रिलमध्ये सुरू होत असल्यामुळे मार्चअखेरीस फी भरणारे पालक या खड्ड्यात हमखास पडतात.

दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये आणि तिसरा डिसेंबरमध्ये गेला. तारखा बरोबर होत्या, पण दोन्ही वेळा पैसे पतीच्या बँक खात्यातून गेले होते. या ४४,००० रुपयांचा दावा करण्याचा हक्क पतीचा होता आणि तो नव्या पद्धतीत असल्यामुळे त्याला त्याचा उपयोग शून्य. हक्क ज्याचा त्याला गरज नाही, गरज जिला तिचा हक्क नाही.

धाकट्याची फी मात्र पत्नीने स्वतःच्या खात्यातून यूपीआयने भरली होती, जूनमध्ये ३४,५०० आणि नोव्हेंबरमध्ये २८,०००. पण प्री-स्कूलची पावती एका ओळीची होती, ‘एकूण शुल्क’ आणि पुढे रक्कम. त्यात ट्यूशन फी, डे-केअर आणि जूनच्या वेळी पुस्तके-गणवेशाचा किटही होता. शिवाय दोन्ही पावत्या वडिलांच्या नावे छापल्या होत्या, कारण प्रवेश अर्जात पालक म्हणून त्यांचे नाव होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ऑफिसमधल्या सहकाऱ्यांनी सुचवलेला: ‘पतीच्या दोन पावत्या तुझ्याच म्हणून दे, कोण बँक स्टेटमेंट बघतंय?’ पेरोल बहुतेक वेळा बघतही नाही. पण पुढे विभागाने विचारले तर दाखवायचे स्टेटमेंटच असते आणि त्यात पैसे दुसऱ्याच्या खात्यातून गेलेले दिसतात. तेव्हा कर आणि व्याज तर भरावे लागतेच, कलम २७०ए खाली दंडही लागू शकतो. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल तो त्या कराच्या ५० टक्के असतो आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय पतीला ४४,००० परत पाठवून ‘फी मीच भरली’ म्हणण्याचा. फी भरली त्याच दिवशी, तेवढीच रक्कम, कारण लिहून पाठवली असती तर निदान बाजू मांडता आली असती. पण ऑगस्टच्या फीचे पैसे फेब्रुवारीत पाठवणे म्हणजे मागाहून कागद रंगवणे. तोही सोडला.

तिसरा पर्याय फीचा नाद सोडून विवरणपत्रात नवी पद्धत घेण्याचा. कर ४२,१२०. सोपा रस्ता, पण धाकट्याच्या पावत्यांतले निव्वळ ट्यूशन फीचे ३२,००० जरी पदरात पडले तरी जुन्या पद्धतीत कर ४०,१४४ येत होता. त्यामुळे हा पर्याय शेवटचा म्हणून बाजूला ठेवला.

चौथा पर्याय ६०,००० मधले उरलेले २८,००० पीपीएफमध्ये टाकून ८०सी भरून काढण्याचा. कर वाचला असता, पण पैसे अनेक वर्षांसाठी अडकले असते आणि घरात रोकड बेताची होती.

पाचवा पर्याय मुलीच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या हप्त्याचा. त्याची मुदत १० एप्रिल २०२५ होती. तो ३१ मार्चपूर्वी, आणि या वेळी पत्नीच्या खात्यातून भरायचा. जी फी दहा-बारा दिवसांनी द्यायचीच आहे ती आधी देणे, एवढाच त्याचा खर्च.

यावर एक रास्त शंका निघाली: या वर्षी हप्ता ओढून घेतला तर पुढच्या वर्षी तो कमी पडेल, मग मिळवले काय? १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिचे उत्तर दिले. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य झाला. प्रमाणित वजावट धरली तर पगारदाराला १२,७५,००० पर्यंत. पुढच्या वर्षी पत्नीला नवीच पद्धत घ्यायची होती, म्हणजे एप्रिलमध्ये भरलेल्या फीवर तिला एक रुपयाही मिळणार नव्हता. तीच फी मार्चमध्ये भरली तर दर हजाराला २०८ रुपये वाचत होते.

काय केले

आधी धाकट्याची पावती. पत्नी प्री-स्कूलच्या ऑफिसात गेली तेव्हा पहिले उत्तर मिळाले, ‘मॅडम, आम्ही सगळ्यांना अशीच पावती देतो.’ नवी पावती मागितली असती तर गाडी तिथेच अडली असती, कारण जुनी पावती हिशेबात गेलेली असते आणि ती बदलायला कुणी तयार नसते. तिने पावती न बदलता फी प्रमाणपत्र मागितले आणि मजकूर स्वतःच टाइप करून नेला. हे महत्त्वाचे ठरले. मजकूर असा:

‘चि. ______ हा आमच्या संस्थेत ज्युनिअर केजी या वर्गात पूर्णवेळ विद्यार्थी आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये त्याच्या आई श्रीमती ______ यांच्याकडून पुढीलप्रमाणे शुल्क मिळाले. जून २०२४, पावती क्र. ____, एकूण ३४,५०० : ट्यूशन फी १६,०००, डे-केअर १२,०००, किट ६,५००. नोव्हेंबर २०२४, पावती क्र. ____, एकूण २८,००० : ट्यूशन फी १६,०००, डे-केअर १२,०००. दोन्ही रकमा यूपीआयने मिळाल्या.’

लेटरहेड, तारीख, मुख्याध्यापिकेची सही, संस्थेचा शिक्का. सोबत पत्नीच्या बँक स्टेटमेंटची ती दोन पाने, नोंदींवर पेन्सिलने खूण करून. मोबाइलवरचा ‘पेमेंट यशस्वी’ असा स्क्रीनशॉट तिने आधी जोडला होता, तो काढला. त्यात पैसे गेल्याचे दिसते, कशासाठी गेले ते दिसत नाही.

पेरोलने ३२,००० मान्य केले. पण एप्रिलपासून करकपात ६०,००० च्या दाव्यावर चालली होती. दावा २८,००० ने घटल्यामुळे ५,८२४ रुपयांचा फरक फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून २,९१२ प्रमाणे कापला गेला. वर्षाची एकूण कपात ४०,१४४ झाली.

मग मुलीचा हप्ता. २४ मार्च २०२५ रोजी पत्नीने शाळेच्या पोर्टलवर स्वतःच्या नेट बँकिंगमधून ४४,८०० भरले. पोर्टलवर पतीचे लॉगिन होते, पण त्याने बिघडत नाही. पाहायचे ते पैसे कुठल्या खात्यातून गेले. तारीख मुद्दाम आधीची घेतली, कारण ३१ मार्चच्या रात्री भरलेले पैसे पोर्टलमध्ये अडकले आणि शाळेची पावती एप्रिलच्या तारखेची निघाली तर स्टेटमेंट आणि पावती यांचा मेळ बसवत बसावे लागते.

ही पावती नीट फोडलेली होती: ट्यूशन फी २४,०००, टर्म फी ४,०००, डेव्हलपमेंट फी ६,०००, बस १०,८००. तळाच्या ४४,८०० वर बोट ठेवून दावा केला असता तर २०,८०० जास्तीचे धरले गेले असते. बस आणि डेव्हलपमेंट फी स्पष्टपणे बाहेर. टर्म फीबाबत थोडी खळखळ आहे. मंडळाच्या परिपत्रकाची भाषा सैल आहे: डेव्हलपमेंट फी, देणगी, कॅपिटेशन फी आणि तत्सम रकमा सोडून संस्थेला दिलेली फी, असा तिचा रोख. तो वाचून काही सल्लागार टर्म फी धरतात. कायद्यातला शब्द मात्र ‘ट्यूशन फी’ हाच आहे. इथे प्रश्न ४,००० वर वाचणाऱ्या ८३२ रुपयांचा होता, म्हणून ती सोडून दिली. टर्म फी मोठी असती तर वेगळा विचार करायला जागा होती.

विवरणपत्र भरताना

मार्चचे २४,००० फॉर्म १६ मध्ये नव्हते, कारण पेरोलची पुराव्यांची खिडकी फेब्रुवारीतच बंद झाली होती. अनेक जण इथे हार मानतात आणि फॉर्म १६ मधला आकडा तसाच उतरवतात. तशी गरज नसते. ऑफिसात राहून गेलेली ८०सीची वजावट विवरणपत्रात थेट मागता येते. अट एवढीच की पैसे त्या आर्थिक वर्षात गेलेले हवेत आणि कागद हातात हवा.

जुलै २०२५ मध्ये पत्नीने विवरणपत्र भरले. नवी पद्धत आपोआप निवडलेली असते, त्यामुळे तिच्यातून बाहेर पडायचे का या प्रश्नाला ‘हो’ लिहावे लागते. पगारदाराला त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही. धंद्याचे उत्पन्न असेल तर फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो. मुदत मात्र पाळावीच लागते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत मिळत नाही आणि मग पावत्यांची कितीही जाड फाइल असली तरी तिचा उपयोग नाही.

कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून ८०सीचा एकच एकूण आकडा टाकून भागत नाही. प्रत्येक रकमेपुढे पॉलिसीचा किंवा कागदपत्राचा क्रमांक मागतात. ट्यूशन फीसाठी तिने तीन पावत्यांचे क्रमांक टाकले: १६,०००, १६,००० आणि २४,०००.

निष्पत्ती

८०सीची एकूण वजावट १,४६,००० झाली, करपात्र उत्पन्न ६,०६,५०० आणि सेससह कर ३५,१५२. कपात झाली होती ४०,१४४, म्हणजे सुमारे ४,९९० रुपये परत मिळायचे होते. ते ऑगस्टमध्ये खात्यात आले. नव्या पद्धतीशी तुलना केली तर वर्षाची बचत ६,९६८ रुपये. त्यातले जवळजवळ पाच हजार निव्वळ २४ मार्चच्या भरण्याचे.

वेगळे काय करता आले असते

मोठी चूक जानेवारीत झाली नव्हती, ऑगस्टमध्ये झाली होती. दुसरा आणि तिसरा हप्ता पत्नीच्या खात्यातून गेला असता तर धाकट्याचे ३२,००० आणि मुलीचे ४४,००० मिळून ६०,००० ची जागा डिसेंबरमध्येच भरली असती. पतीने पैसे आधी पत्नीच्या खात्यात टाकले असते आणि तिथून शाळेला गेले असते तरी चालले असते. घरात पैसे कुणाचे हा प्रश्न आयकर इथे विचारत नाही, शाळेला कुणी दिले हे विचारतो. त्यासाठी एप्रिलमध्ये पाच मिनिटे बसून ठरवायचे: ८०सीत कुणाची जागा रिकामी आहे आणि जुन्या पद्धतीत कोण आहे. फीची जबाबदारी त्याच्या खात्यावर.

राहिलेल्या ४,००० साठी तेवढेच पीपीएफमध्ये टाकले असते तर ८३२ रुपये आणखी वाचले असते. हप्ता भरण्याच्या गडबडीत ते राहून गेले.

आणि प्री-स्कूलच्या प्रवेशाच्या वेळीच पावती फोडून मागायला हवी होती, पालकाच्या रकान्यात आईचेही नाव टाकून. प्रवेशाच्या खिडकीवर जे एका वाक्यात होते त्यासाठी जानेवारीत दोन फेऱ्या पडल्या.

फाइलमध्ये काय ठेवले

शेवटी एका प्लास्टिक फोल्डरमध्ये राहिले ते असे: तिन्ही पावत्या, प्री-स्कूलचे प्रमाणपत्र, स्टेटमेंटची संबंधित पाने, मुलीच्या शाळेचे त्या वर्षाचे फी-पत्रक (पावतीतल्या शीर्षकांचा अर्थ त्यावरून कळतो), फॉर्म १६ आणि विवरणपत्राची पोच. जूनची पावती थर्मल कागदावर होती आणि जानेवारीतच पुसट व्हायला लागली होती, म्हणून तिची झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचली. पोर्टलवरची पावती डाउनलोड करून ठेवली. मुलाने शाळा बदलली की लॉगिन बंद होते आणि जुन्या पावत्या त्याच्यासोबत जातात.

विवरणपत्रासोबत यातले काहीच जोडायचे नसते. विचारले तर दाखवायचे असते. या वर्षाचे प्रकरण पुन्हा उघडण्याची नोटीस सर्वसाधारणपणे ३० जून २०२९ पर्यंत येऊ शकते. लपलेले उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असल्याचा संशय असेल तर मुदत दोन वर्षांनी वाढते, पण या घरात ती वेळ येणार नाही. फोल्डरवर ‘जून २०२९ नंतर टाकणे’ असे लिहिले आहे.

२०२५-२६ चा फोल्डर केलेला नाही. पत्नी नव्या पद्धतीत गेली, कर शून्य, आणि ऑगस्टचा हप्ता पुन्हा पतीच्या खात्यातून गेला.